मदत हवी आहे: मॅट क्रेडिट सेससह वजा करायचं की सेसआधी?

आमची खाजगी कंपनी २५ टक्के दरात आहे, ११५बीएए घेतलेलं नाही. उत्पन्न कोटीच्या आत, त्यामुळे सरचार्ज नाही.

२०२३-२४ मध्ये बुक प्रॉफिट ८० लाख होता, म्हणून १५ टक्के मॅट आणि ४ टक्के सेस मिळून १२.४८ लाख भरले. नेहमीच्या हिशेबाने कर ५.२० लाखच होता. उरलेलं ७.२८ लाखांचं क्रेडिट रिटर्नमध्ये पुढे ओढलंय.

२०२४-२५ मध्ये नेहमीचा कर सेससह १५.६० लाख, मॅट १०.९२ लाख. फरकाइतकंच क्रेडिट वापरता येतं, म्हणजे ४.६८ लाख, असं मी धरतोय. आमचे अकाउंटंट मात्र सेसआधीचे आकडे घेऊन ४.५० लाख म्हणतात. कलम ११५जेएए वाचलं, तरी खात्री होत नाही.

आयटीआर-६ च्या मॅट क्रेडिटच्या शेड्यूलमध्ये यातला कोणता आकडा टिकतो?