मदत हवी आहे: जुलाब थांबत आले पण ताप उतरत नाही, फूड पॉयझनिंग की टायफॉईड?

डिचोलीची_सई
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. रविवारी फोंड्याला मावशीकडे बारसं होतं, जेवणात तिसऱ्यांचं सुकं, सुंगटांचं हुमण, चिकन शागोती सगळं होतं आणि रात्रीपासून पाचसहा जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बाकीचे सगळे मंगळवारपर्यंत उठून कामाला लागले पण माझ्या धाकट्या भावाचं काही खरं नाही, वय २४, वेर्ण्याला कंपनीत आहे. जुलाब पाण्यासारखे, रक्त वगैरे नाही, आता दिवसाला दोनतीनवर आलेत पण आज शुक्रवार आला तरी ताप आहेच, सकाळी १०० आणि संध्याकाळी १०२-१०३. काल बाजारातल्या लॅबमध्ये विडाल केली तर त्यात O १:१६० आलंय. कुणी म्हणतं टायफॉईड, कुणी म्हणतं बारशाच्या जेवणाचंच आहे, स्टूल टेस्ट करून टाका. नेमकं काय करायचं?

कोलवाळकर
ताप आहे म्हणजे फूड पॉयझनिंग नाहीच. विषबाधेत ताप येत नाही, उलट्या-जुलाब होतात आणि एका दिवसात माणूस बरा होतो, आमच्याकडे श्राद्धाच्या जेवणानंतर असंच झालं होतं. त्यात विडाल पॉझिटिव्ह. टायफॉईडच आहे, औषध सुरू करा.

लॅबवाले_काका
कोलवाळकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. अन्नात आधीच तयार झालेलं विष पोटात गेलं की दोन-सहा तासांत उलट्या सुरू होतात, ताप फारसा नसतो आणि दिवसभरात सगळं आटोपतं. पण अन्नातून साल्मोनेलासारखे जिवंत जंतू गेले तर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही जुलाब लागतात आणि त्यात १०२ ताप सहज येतो. म्हणजे नुसत्या तापावरून फरक होत नाही.

फरक वेळेवरून होतो. टायफॉईडचा जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात, त्यामुळे रविवारी दुपारी जेवून रविवारी रात्री टायफॉईड होऊच शकत नाही. म्हणून सईताई, आधी एकच सांगा, ताप जुलाबांबरोबर आला का त्याआधीच अंगात कणकण होती? आईला विचारा, भावाला नको, त्या वयाची मुलं नीट सांगत नाहीत.

डिचोलीची_सई
काका, आईला विचारलं. ती म्हणते बारशाच्या आधी गुरुवारीच तो वेर्ण्याहून आला तेव्हापासून डोकं धरून बसला होता, भूक नव्हती, रात्री अंग गरम लागायचं आणि तिने क्रोसिन दिली होती. बारशालाही तो नीट जेवलाच नाही, वरणभात खाऊन उठला, तिसऱ्यांना तर हात लावला नाही! जुलाब त्याला सोमवारी लागले, बाकीच्यांसारखे रविवारी रात्री नाही, आणि उलटी एकदाही नाही. आम्ही सगळ्यांचं एकच धरून चाललो होतो.

लॅबवाले_काका
मग गोष्ट बदलली. ताप आधी, डोकेदुखी आधी, जुलाब नंतर, आणि जुलाब कमी होत असताना ताप मात्र रोज संध्याकाळी चढतोय. जेवणातल्या जुलाबात ताप बहुतेक दोनतीन दिवसांत निवतो. टायफॉईडचा संशय धरायला हे पुरेसं आहे, पण सिद्ध झालेलं नाही. गोव्यात पावसाळ्यात असा ताप आला की मलेरियाची स्लाईड आणि डेंग्यूची तपासणी आधी करायलाच हवी, मलेरियातही जुलाब होतात.

विडालवर विसंबू नका. एकट्या विडालवरून टायफॉईड ठरवता येत नाही, पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही आकडे वर दिसतात आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉईड असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. तुम्हाला हवंय ब्लड कल्चर. मोठ्या माणसाचं ८-१० मिली रक्त बाटलीत घेतात आणि ते अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घेतलेलं बरं. त्याने कुठली गोळी घेतलीय का?

डिचोलीची_सई
घेतलीय ना. बुधवारी फार्मसीवाल्याने ती जुलाबाची ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी दिली, दोन वेळा झालीय. आता काय?

लॅबवाले_काका
थांबवायची का नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण कल्चर आजच द्या. गोळी झाल्यावर कल्चरच्या बाटलीत जंतू वाढून दिसायची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. लॅबला गोळीचं नाव लिहून द्या. आपल्याकडे टायफॉईडचे बरेच जंतू ओफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून ताप उतरला नाही यात नवल नाही.

मांद्रेची_आई
माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही ताप आणि जुलाब आहेत कालपासून, पाण्यासारखे, खेळतेय, पाणी पितेय. स्टूल टेस्ट करू का? लॅबवाला म्हणतो करून घ्या.

लॅबवाले_काका
ताई, तुमचं वेगळं आहे. लहान मुलांचे असे जुलाब बरेचदा विषाणूचे असतात, ती खेळतेय, लघवी होतेय तर स्टूलने औषध बदलत नाही. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा, मोठ्या पाकिटाला एक लिटर, कमी पाण्यात नाही, आणि डॉक्टरांना विचारून झिंक द्या. शौचात रक्त किंवा शेंब दिसली, ताप चढता राहिला, आठवड्यावर गेलं किंवा ती सुस्त पडली, तर मात्र थांबू नका.

परवरीची_नर्स
मी वॉर्डात काम करते, काकांशी सहमत. फक्त स्टूलबद्दल सांगते कारण लोक इथे फसतात. लॅबमध्ये नुसतं 'स्टूल' म्हटलं की रुटीन करतात, म्हणजे पस सेल्स, रक्तपेशी, अमिबा वगैरे सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, त्यात साल्मोनेला-शिगेला ओळखू येत नाही. जंतू हवा असेल तर चिठ्ठीवर 'स्टूल कल्चर' असं लिहून घ्या. नमुना लॅबने दिलेल्या डबीत, लघवी आणि कमोडचं पाणी न लागता, रक्त-शेंबेचा भाग असेल तर तोच उचलायचा आणि दोन तासांत पोचवायचा. सकाळी आठला घेतलेला नमुना दुपारी लॅबमध्ये नेतात आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून खूश होतात.

आणि टायफॉईडसाठी पहिल्या आठवड्यात स्टूल कल्चर कमी कामाचं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यात जंतू सापडायची शक्यता वाढते. पहिल्यांदा रक्तच.

कोलवाळकर
मग भावाचं स्टूल करायचंच नाही?

परवरीची_नर्स
मी तर करते. ताप आणि जुलाब दोन्ही पाच दिवस टिकलेत, खर्च फार नाही.

लॅबवाले_काका
रक्त नाही, जुलाब कमी होतायत, गोळीही पोटात गेलीय, त्यामुळे मी रक्तावरच भर देईन. इथे दोन मतं असू शकतात, डॉक्टर ठरवतील. सईताई, कालचा सीबीसी असेल तर त्यात इओसिनोफिल किती ते बघा.

डिचोलीची_सई
पांढऱ्या पेशी ४,८०० आणि इओसिनोफिल ०. डॉक्टरांकडे जाऊन आलो, मलेरिया आणि डेंग्यू निगेटिव्ह आहे, ब्लड कल्चर दिलं, स्टूल कल्चरही लिहून दिलंय. फार्मसीची गोळी बंद करून त्यांनी दुसरं औषध सुरू केलं. वेर्ण्याला खोलीवर टँकरचं पाणी न उकळता पितात असं आता कळलं, तिथूनच आलं असेल का?

लॅबवाले_काका
इओसिनोफिल ० टायफॉईडमध्ये दिसतं खरं, पण दुसऱ्याही तापात दिसतं, त्यामुळे तेवढ्यावर टायफॉईड म्हणू नका. पाण्याचं आता सांगता येणार नाही, खोलीवरच्या इतर मुलांना विचारा कुणाला ताप आहे का. कल्चरमध्ये जंतू असेल तर बहुतेक दोन दिवसांत कळतं, निगेटिव्ह म्हणायला मात्र लॅब पाच दिवस थांबते. औषध बरोबर असलं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चारपाच दिवस लागू शकतात, म्हणून परवाच दुसरी गोळी मागू नका. पण पोटात अचानक जोरात दुखलं, शौचाला काळं किंवा रक्त दिसलं, तो बरळायला लागला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ बांबोळीला न्या.

डिचोलीची_सई
हो काका. रिपोर्ट आला की इथेच टाकते.