रात्रीच्या पाळीत वॉर्डन कोण?

"सीताबर्डीत आमचं चार मजली हॉटेल आहे. आग लागली तर पाहुण्यांना बाहेर काढायला मजल्यागणिक फायर वॉर्डन नेमलेत, दिवसा ड्रिलही घेतो. अजून काय राहिलं?"

रात्र राहिली, भाऊ. तुमचे वॉर्डन बहुधा हाउसकीपिंगचे असणार, म्हणजे रात्री ते घरी आणि पाहुणे झोपलेले. म्हणून हे काम माणसाच्या नावाला नाही, ड्यूटीला जोडा: रात्रीचा रूमबॉय वरचे दोन मजले, सिक्युरिटीवाला खालचे दोन.

आधी आगीचा मजला, मग त्याच्या वरचे. दार ठोका, खोली आणि बाथरूम बघा, दार ओढून घ्या आणि त्यावर खडूने फुली मारा. बंद दार धूर बराच वेळ अडवतं, आणि फुली दिसली की दुसरा कोणी पुन्हा तिथे शिरत नाही. उत्तर आलं नाही तर रूम नंबर अग्निशमनवाल्यांना सांगा. धूर दाट असेल तर आत जायचंच नाही.

रिसेप्शनवर रोज रात्री पाहुण्यांच्या यादीची प्रिंट काढून ठेवा. वीज गेली की कॉम्प्युटर गेला. तीच यादी घेऊन असेंब्ली पॉइंटवर मोजणी होते. तो पॉइंट पोर्चमध्ये नको, तिथे बंब लागतो आणि वरून काचा पडतात.

पुढची ड्रिल रात्री घ्या, एक जिना न सांगता बंद ठेवून. आणि मे महिन्यात जिन्यात कूलर उभा दिसला, तर तो आधी हलवा.