सोसायटी ग्रुप, फोंडा: पाढे, पोटदुखी आणि ५२ वजा २७

गुरुवार

दामोदर काका (ए-१०१), सकाळी ६.४०: सुप्रभात. काल रात्री पावणेबारापर्यंत बी विंगमधून सतराचा पाढा आणि त्यानंतर रडणे ऐकू येत होते. नाव घेत नाही. रात्री १० नंतर आवाज नको. नियम सर्वांना सारखा.

रोहन (सी-२०१): काका, नाव न घेता विंग, पाढा आणि वेळ तिन्ही सांगितलंत 😄

स्मिता (बी-३०२): आमच्याच घरातून येत होता आवाज. माफी असावी. ओमची सोमवारपासून पहिली सत्र परीक्षा आहे. मला हौस नाही रात्री पावणेबारापर्यंत पाढे घ्यायची.

शैला (बी-३०१): स्मिता, तू मनावर घेऊ नको गे. काहींची मुलं मोठी होऊन परदेशात गेली, त्यांना आता सगळंच ऐकू येतं.

दामोदर काका (ए-१०१): हे मला उद्देशून आहे काय?

शैला (बी-३०१): छे छे काका. सर्वसाधारण बोलले.

खजिनदार (ए-३०४): दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याची वर्गणी बी विंगमधून अजून सात घरांची यायची आहे. कृपया आज द्यावी.

स्मिता (बी-३०२): आता बोललेच आहे तर सगळं सांगते. तिसरीत आहे तो. गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. दप्तर उचललं की दुखतं, साडेनऊ वाजले की बरं. काल वजाबाकी घेतली, सोप्पी सोप्पी चुकला. ५२ वजा २७, उत्तर ३५! दहा वेळा सांगितलं नीट बघ, घाई करू नको. पुन्हा ३५. मग माझाही तोल गेला.

प्रकाश (ए-२०३): नापास होईल म्हणून घाबरताय का वहिनी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं तिसरीच्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नाही. २०१९ ची दुरुस्ती आहे ती पाचवी आणि आठवीपुरती. म्हणजे सोमवारी आभाळ कोसळत नाही.

स्मिता (बी-३०२): नापासाचं नाही हो. येत असून चुकतो, त्याचं वाईट वाटतं.

दामोदर काका (ए-१०१): स्पर्धेचे युग आहे, ते ठीक. पण रात्री १० नंतर आवाज नको. नियम सर्वांना सारखा.

गावकर बाई (सी-००२): स्मिता, मी वाळपईच्या बाजूला सरकारी मराठी प्राथमिक शाळेत अठ्ठावीस वर्षं काढली, म्हणून बोलते. ओमला येत असून तो चुकत नाहीये. त्याला एक गोष्ट चुकीची "येते". उत्तर ३५ कसं आलं बघ. एककात वर २, खाली ७. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून त्यानं ७ मधून २ काढले, ५. दशकात ५ मधून २, म्हणजे ३. झाले ३५. त्याच्या हिशेबानं तो अगदी नीट बघतोय. तू "नीट बघ" म्हणालीस की तो तेच आणखी नीट करतो.

गावकर बाई (सी-००२): खात्री करायची तर आज संध्याकाळी चारच गणितं दे. ६४ वजा ३८, ७१ वजा ४६, ५२ वजा २७ आणि मध्येच एक ५८ वजा २३. रागवू नको, चूक म्हणू नको, फक्त उत्तरं बघ. अनुक्रमे ३४, ३५, ३५ आली आणि ५८ वजा २३ बरोबर आलं, तर धांदरटपणा नव्हे. त्याला हातच्याची वजाबाकी कळलेली नाही. तीनपैकी एखादंच चुकलं, तेही भलत्याच आकड्यानं, तर खरंच घाई किंवा झोप. मग वही मिटून टाक.

रोहन (सी-२०१): बाई तुम्ही ग्रुपवर होतात? मला वाटलं फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवता.

गावकर बाई (सी-००२): फुलं पण पाठवते. तू पाचवीत असताना तुझी भागाकाराची वही मी तपासली होती, बोलू काय?

रोहन (सी-२०१): 🙏 नको बाई

प्रकाश (ए-२०३): मुळात ही नवी पद्धतच कठीण. आम्हाला शिकवलं होतं "वर एक दिला, खाली एक दिला". झटपट. मुलांना तेच शिकवावं.

स्मिता (बी-३०२): ओमचे बाबा तेच शिकवत होते परवा! मग तो एकदा ३५ लिहितो, एकदा १५.

गावकर बाई (सी-००२): १५ आलं ना, ते तिथूनच आलं. जुन्या पद्धतीत वरच्या २ चे १२ करायचे आणि खालच्या २ चे ३ करायचे, वरचे ५ तसेच ठेवायचे. ५ मधून ३ गेले २. उत्तर २५, बरोबर. शाळेच्या पद्धतीत वरचा एक दशक सुटा करायचा, म्हणजे ५ चे ४ होतात आणि खालचे २ तसेच. ४ मधून २ गेले २. तेही २५. दोन्ही खऱ्या. पण पोरानं वरचे ४ पण केले आणि खालचे ३ पण केले, की उरतो १. म्हणून १५. प्रकाश, तुझी पद्धत वाईट नाही, पण परीक्षेला चार दिवस असताना घरात दोन गुरू नकोत.

प्रकाश (ए-२०३): मान्य. पण आमची पिढी काही वाईट निघाली नाही.

शैला (बी-३०१): त्यावर सोसायटीच्या सभेत बोलू 😄

स्मिता (बी-३०२): मग मी काय करू बाई? चार दिवसांत होईल?

गावकर बाई (सी-००२): सगळं नाही होणार, तेवढं धरूनच चाल. काड्यांचे गठ्ठे असतील तर उत्तम, नाहीतर पैसे घे. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी. म्हण, पाववाल्या पोदेराला २७ रुपये द्यायचेत. दोन नोटा तो लगेच देईल. मग सात नाणी हवीत आणि हातात दोनच. इथं तू गप्प बस. हेच सगळ्यात कठीण असतं आयांना. तो आपणच म्हणेल, नोट मोडूया. एक नोट मोडली की नाणी झाली बारा. सात दिली, पाच राहिली. नोटा मोजल्या तर दोन. मग त्याच गोष्टीचं गणित वहीत शेजारी मांडायचं, आणि ५ वर काट मारून ४ का लिहितात ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. पंधरा मिनिटं, रोज तीन-चार गणितं. ती झाली की खेळायला सोड.

वर्षा (ए-४०२): आमची दुसरीत आहे, इंग्रजी माध्यम. तिचं उलट. वजाबाकी येते पण शाब्दिक उदाहरण आलं की सरळ बेरीज करते. रवीकडे १४ आंबे, सीताकडे ९, रवीकडे "मोअर" किती? तिनं २३ लिहिलं.

गावकर बाई (सी-००२): मोअर म्हटलं की जास्त, जास्त म्हटलं की बेरीज, असं तिनं ठरवलंय. तेच उदाहरण तिला घरच्या भाषेत विचार. "रवीकडं सीतेपेक्षा किती आंबे जास्त?" कोकणीत विचारलंस तरी चालेल. ५ म्हणाली तर गणित येतंय, इंग्रजी अडलंय, त्यासाठी पाढे घोकून उपयोग नाही. तेव्हाही २३ म्हणाली तर समोर आंबे नाहीतर सुपाऱ्या मांडून बघ.

प्रकाश (ए-२०३): म्हणूनच मी म्हणत होतो, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच हवं. पण इथं कोण ऐकतंय.

वर्षा (ए-४०२): भाऊ, तुमचा मुलगा कुठल्या माध्यमात होता?

प्रकाश (ए-२०३): तो विषय वेगळा.

अध्यक्ष (बी-१०२): माध्यमाचा वाद या ग्रुपवर २०२२ मध्ये झालेला आहे. चौदा जण बाहेर पडले होते. कृपया नको.

खजिनदार (ए-३०४): नरकासुराची वर्गणी बी विंगमधून अजून सहा घरांची यायची आहे. कृपया आज द्यावी.

डॉ. नेहा (सी-३०३): दवाखान्यातून आता वाचलं. स्मिता, पोटदुखीबद्दल. खोटं बोलतोस म्हणू नकोस, त्याला खरंच दुखतं. भीती वाटली की आतड्यांवर परिणाम होतो, मोठ्यांना नाही का मुलाखतीआधी कळ येत? बोटानं दाखव म्हण. बेंबीभोवती सगळा हात फिरवला, शाळेच्या सकाळीच दुखलं, रविवारी नाही, खाणंपिणं खेळणं नेहमीसारखं, तर बहुतेक ताणच. पण बेंबीपासून दूर एकाच जागी दुखलं, विशेषतः उजवीकडे खाली, किंवा दुखण्यानं रात्री झोपेतून उठला, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, वजन घटणं, यातलं काहीही असेल तर परीक्षा बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

स्मिता (बी-३०२): बेंबीभोवतीच दाखवतो. मागच्या रविवारी विचारलं होतं, नव्हतं दुखत. चिंचेच्या झाडाखाली दोन तास क्रिकेट खेळला.

डॉ. नेहा (सी-३०३): मग सकाळी "पोट कसंय" हे पुन्हा पुन्हा विचारू नको, त्यानं लक्ष तिथंच जातं. पेज दे, वेळेवर शाळेत सोड. दुखलं म्हणून घरी ठेवलंस तर उद्या जास्त दुखेल. आणि झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात. पावणेबाराला झोपून सहाला उठला तर सव्वासहाच तास होतात. अशा डोक्यात हातचा टिकत नाही. एक दशक सुटा केला हे लक्षात ठेवायला जी जागा लागते, तीच "आई ओरडेल" या विचारानं भरते.

स्मिता (बी-३०२): हे वाचून मला रडू आलं. असो.

दामोदर काका (ए-१०१): म्हणजे मी म्हणत होतो तेच. रात्री १० नंतर आवाज नको. नियम सर्वांना सारखा.

शैला (बी-३०१): काका, पण तुम्ही झोप म्हणून नव्हता म्हणत, आवाज म्हणून म्हणत होता.

वर्षा (ए-४०२): मग नरकासुरवाल्यांना पण सांगा! काल खाली साडेअकरापर्यंत गाणी. मुलं झोपणार कशी?

रोहन (सी-२०१): आम्ही सांगाडा बांधत होतो. गाण्याशिवाय सांगाडा उभा राहत नाही 😅

दामोदर काका (ए-१०१): ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, २००० सालचे नियम. तुम्हालाही सारखेच.

रोहन (सी-२०१): बरं. परीक्षा संपेपर्यंत दहाला स्पीकर बंद. कागद चिकटवायला आवाज लागत नाही. पण डोकं मोठं करणार, त्यावर कोणी बोलू नये.

खजिनदार (ए-३०४): मोठं डोकं वर्गणीत बसत नाही.

शुक्रवार

स्मिता (बी-३०२), रात्री ८.५०: बाई, काल ती चार गणितं दिली. उत्तरं ३४, ३५, ३५ आणि ५८ वजा २३ बरोबर. तुम्ही म्हणालात तस्संच. आज नोटा घेऊन बसलो. सात नाणी कुठून आणायची म्हणून दोन मिनिटं बघत राहिला, मी जीभ चावून गप्प. मग म्हणाला, "आई, दुकानात जाऊन नोट मोडून आणूया." तीन गणितं बरोबर आली, चौथ्यात पुन्हा उलटं केलं. वही मिटली. झोपला.

गावकर बाई (सी-००२): चौथ्यात उलटं होणारच. सवय अजून जुनी आहे. परीक्षेतही एखादं तसं लिहील. घरी आल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन विचारू नको. दिवाळीच्या सुट्टीत परत नोटा काढू.

प्रकाश (ए-२०३): वहिनी, त्याच्या बाबांना सांगा, मी पण घरी "खाली एक दिला" बंद केलंय. नातवासाठी.

शैला (बी-३०१): स्क्रीनशॉट काढून ठेवला 😄

सोमवार

स्मिता (बी-३०२), सकाळी ७.०५: पोट दुखतंय म्हणाला. दोनदा. पेज प्यायला, गेला. पोदेराला २७ रुपये त्यानंच मोजून दिले.

दामोदर काका (ए-१०१): शुभेच्छा ओमला. रात्री १० नंतर आवाज नको. नियम सर्वांना सारखा.

रोहन (सी-२०१): काका, सकाळचे सात वाजलेत.