ऑपरेशनआधीच्या संमतीपत्राचा फोटो काढून घरच्यांना मराठीत समजावलंय का कुणी? अनुभव लिहा

मुग्धा_प
फोन भरला म्हणून दुपारी जुने फोटो उडवत बसले होते, त्यात बाबांच्या अँजिओग्राफीच्या संमतीपत्राचे दोन फोटो सापडले आणि हातच थांबला. तीन वर्षं झाली.

रात्री साडेआठला सिस्टर फाइल घेऊन आल्या, इथे इथे आणि इथे सही. सगळा फॉर्म इंग्रजीत. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्यभर लॉगशीट वाचल्याशिवाय सही केली नाही, ते म्हणाले काय लिहिलंय ते सांग मग करतो. मी फोटो काढला, बाहेर बाकावर बसून मोठा करून करून वाचला आणि औषधांच्या बिलामागे मराठीत उतरवला. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालणार, टोचलेल्या जागी रक्त साचून गाठ येऊ शकते, डायची अ‍ॅलर्जी येऊ शकते, किडनीवर ताण येऊ शकतो, इथपर्यंत जमलं. पुढे डिसेक्शन शब्द आला, मी सरळ चिरफाड लिहिलं. बाबा म्हणाले चिरफाड तर मेल्यावर करतात. पार उतरला चेहरा. आणि स्ट्रोकला मी अटॅक लिहिलं, खालच्या ओळीत हार्ट अटॅक होताच, तर ते म्हणे दोन वेळा कशाला लिहिलंय.

रात्रभर दोघं जागे. सकाळी राउंडच्या आधी ज्युनिअर डॉक्टरला गाठलं, तो मुलगा खरंच चांगला, बेडवर बसून समजावलं त्याने. डिसेक्शन म्हणजे नळी घासून नसेच्या आतल्या अस्तराला चीर जाणं. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा, हातपाय लुळे पडतात तो. मृत्यूची ओळ होती त्यावर म्हणाला नुसत्या अँजिओग्राफीत हजारात एखादा, बहुतेक त्याहूनही कमी, आणि तोही जास्त करून आधीच फार आजारी असलेला पेशंट. बाबांचं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं म्हणून किडनीची ओळ आपल्याला जास्त लागू, सलाइन लावू, डाय कमीत कमी वापरू असंही त्यानेच सांगितलं.

पण खरी गोष्ट हाताने लिहिलेल्या ओळीत होती. सीएजी, एसओएस पीटीसीए. मला वाटलं एसओएस म्हणजे इमर्जन्सीचं काहीतरी. त्याचा अर्थ निघाला, ब्लॉक दिसला आणि गरज वाटली तर त्याच वेळी अँजिओप्लास्टी, म्हणजे स्टेंट. बाबांना तर कुणी फक्त फोटो काढायचाय इतकंच सांगितलेलं. मी विचारलं गरज कोण ठरवणार? आणि डॉक्टरच्या नावाची जागा कोरी का? मोठे डॉक्टर आले, आधी जरा वैतागले, मग स्वतःच लिहिलं की आज फक्त अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी पेशंटशी आणि मुलीशी बोलून. स्वतःचं नाव घातलं. मग बाबांनी सही केली.

तिन्ही नसांत ब्लॉक निघाले. शुगर जुनी म्हणून स्टेंटपेक्षा बायपास बरी असं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. अकरा दिवसांनी बायपास झाली.

तुमच्याकडे काय झालं? कुठला शब्द अडला?

रानजाई
आईचं गॉलब्लॅडर. दुर्बिणीतून म्हणाले, तीन चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. बाहेर आली तर बरगडीखाली वीतभर टाके. मी तिथेच भांडले. मग फाइल दाखवली, ओळ होती की गरज पडल्यास ओपन. सही माझीच, वाचली नव्हती. पित्ताची पिशवी आतड्याला चिकटून बसलेली, दुर्बिणीतून पित्तनळी नीट दिसेना, चुकून कापली गेली असती तर जन्माचं दुखणं, म्हणून उघडलं. आज कळतं की बरोबर केलं. पण आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर ना

सदा_७१
एवढं वाचून उपयोग काय. एकदा सही केली की आपले हात बांधले. काही झालं तरी कोर्टात उभं करत नाहीत, त्यासाठीच तर फॉर्म घेतात

भूलवाली
सदाभाऊ, अर्धं बरोबर अर्धं चूक. मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं रोज सह्या घेते. सहीचा अर्थ इतकाच की हे धोके मला सांगितले आणि तरीही हे करा. काळजी घेऊनही रक्तस्राव झाला तर फॉर्म डॉक्टरच्या बाजूने उभा राहतो हे खरं. पण हलगर्जीपणा झाला, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन झालं, आत काही राहिलं, तर सही असली तरी दाद मागता येते. आमची काहीही जबाबदारी नाही असं छापलेलं असलं तरी.

मुग्धा, तू नेमक्या ओळीवर बोट ठेवलंस. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल आहे. बाईंनी सही केली होती दुर्बिणीतून तपासणीसाठी. त्या भुलीत असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकली. कोर्ट म्हणालं तपासणीची संमती म्हणजे उपचाराची नाही, आणि पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, तर आईची सही चालणार नाही. जीव धोक्यात असता तर गोष्ट वेगळी होती. मात्र दोन्हीची संमती आधीच, समजावून, एकत्र घेतली तर ती चालते हेही त्याच निकालात आहे. म्हणून एसओएस लिहिणं बेकायदा नाही, न सांगता लिहिणं चूक.

आणि अँजिओग्राफीत पेशंट जागा असतो, फक्त टोचायची जागा बधिर करतात. टेबलावरच त्याला विचारता येतं. पण थांबण्याची किंमतही असते, पुन्हा टोचणं, पुन्हा डाय, पुन्हा भरती. छातीत कळ येऊन थेट कॅथलॅबला नेलेला पेशंट असेल तर तिथे थांबू नका, मिनिटं मोजली जातात.

सदा_७१
बरं झालं सांगितलंत. आमच्या शेजाऱ्यांनी याच फॉर्मच्या भीतीनेच तक्रार केली नव्हती, जाऊ दे आता

निशिगंध२२
आमचं कॅशलेस नाकारलं तेव्हा पण असाच फॉर्म होता, टीपीएवाले म्हणाले सही केलीत ना नॉन मेडिकलला. ग्लोव्हजचे सुद्धा पैसे. कुणाला माहितीये का ते परत मिळतात का?

डोंगरवाट
मुग्धाताई बाबा कुठल्या डेपोला होते? माझे काका चिपळूणला होते, कुंभार्ली घाट रोजचा

मुग्धा_प
@डोंगरवाट अरे कराडला! घाट तोच. नक्की ओळखत असतील, संध्याकाळी विचारते

@निशिगंध२२ तो वेगळा फॉर्म गं, खर्चाचा. बायपासच्या वेळी आम्हालाही दोन्ही एकाच गठ्ठ्यात दिले होते म्हणून घोळ होतो.

सिस्टर_वॉर्ड४
दुसऱ्या बाजूने लिहू का. रात्री साडेआठला फाइल आणणारी ती सिस्टर मीच समजा. तीस बेड, दोघी जणी, सकाळी ओटीची लिस्ट. सही घ्यायचं काम आमच्यावर येतं पण समजावणं डॉक्टरचं काम आहे, आम्ही सांगितलेलं पुरेसं नाही. मी एवढंच करते, पेशंटला विचारते उद्या काय करणार आहेत ते तुमच्या शब्दात सांगा. एकदा एक आजोबा म्हणाले मोतीबिंदू. त्यांचं होतं हर्निया. फाइल तशीच परत पाठवली, ओरडा खाल्ला. कोऱ्या जागेवर सही करू नका, आणि आम्ही घाई केली तर डॉक्टरांना पाठवा म्हणा, आम्हाला राग येत नाही. आला तरी चालेल

रानजाई
🙏 सिस्टर

अबोली_गो
माझ्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला माझी सही एक आणि नवऱ्याच्या तीन. मी शुद्धीवर, शिकलेली, समोर बसलेली. त्यांनाच विचारतात अंडाशय ठेवायचं का. शेवटी हेच म्हणाले अहो तिला विचारा ना

भूलवाली
अबोली, तुझी सही हीच खरी सही. नातेवाइकांची घेतात ती बहुतेक ठिकाणी पद्धत म्हणून, साक्षीदार म्हणून. आणि अंडाशयाचा प्रश्न आधी ओपीडीत विचारायचा असतो, सहीच्या टेबलावर नाही. दोन्ही काढली तर मासिक पाळी जाण्याचे त्रास एकदम सुरू होतात, मग झोप, हाडं सगळंच.

पारवा
फोटो काढू देतात का पण? आम्हाला सिक्युरिटीने मोबाइल आत टाकायला लावला, फाइल हॉस्पिटलची प्रॉपर्टी म्हणे

सिस्टर_वॉर्ड४
आमच्याकडे स्वतःच्या फॉर्मला अडवत नाहीत, शेजारच्या बेडची फाइल नको. काही ठिकाणी कटकट करतात हे खरंय. अडवलं तर लेखी अर्ज करून रेकॉर्डची प्रत मागा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात ७२ तासांत द्यायची आहे. पण ऑपरेशन उद्या सकाळी असेल तर ७२ तासांचा काय उपयोग, म्हणून तिथेच बसून वाचा

पारवा
तेच तर. आणि मराठीत फॉर्म द्यायलाच हवा असा कायदा आहे ना?

भूलवाली
मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत पेशंटला समजेल अशा भाषेत सांगणं आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, एकदा भिंतीवर शोधून बघा. छापील मराठी फॉर्म प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. आणि मराठी फॉर्मही कधी कधी इंग्रजीपेक्षा अवघड. 'वैकल्पिक शस्त्रक्रिया' वाचून कुणाला कळणार की तातडीची नाही, तारीख पुढे ढकलता येते

मुग्धा_प
अगं म्हणजे तेच 'इलेक्टिव्ह'! मी निवडक लिहिलं होतं बिलामागे 😀

शमी_सा
सगळे चांगलं लिहितायत म्हणून लिहू की नको वाटत होतं. मी मामांना हर्नियाचा फॉर्म शब्दन् शब्द मराठीत वाचून दाखवला. जंतुसंसर्ग, जाळी काढावी लागणं, अंडकोषाचा रक्तपुरवठा, मृत्यू. मामा उठले आणि चप्पल घालून घरी. आठ महिन्यांनी आतडं अडकलं, रात्री दोनला नेलं, आतड्याचा तुकडा काढावा लागला. वाचले. पण मामी अजून म्हणते तू वाचलंस म्हणून झालं. मला अजून कळत नाही मी चुकले का

रानजाई
शमी नाही गं. लपवलं असतंस आणि टेबलावर काही झालं असतं तर?

सदा_७१
माझ्या मते म्हातारी माणसं असतील तर सगळं नाही सांगू

अबोली_गो
सदाभाऊ म्हातारी असली तरी शरीर त्यांचंच

भूलवाली
शमी, त्या फॉर्ममध्ये ऑपरेशनचे धोके होते, न केल्याचे नव्हते. बऱ्याच फॉर्ममध्ये नसतातच. मामांना यादीची एकच बाजू दिसली. मी आता आधी विचारते, काहीच केलं नाही तर काय होईल हे तुम्हाला कुणी सांगितलंय का. हर्नियात ते अडकणं ही मुख्य गोष्ट, दुखायला लागून आत जात नसेल तर लगेच या, हे घरी जाणाऱ्यालाही सांगायला हवं. ते सांगणं तुझं काम नव्हतं, आमचं होतं.

शमी_सा
हे विचारायचं सुचलंच नाही. मामांना आता दुसऱ्या बाजूलाही फुगवटा दिसतोय, पुढच्या आठवड्यात दाखवायला नेतेय. मामी पण येणार आहे. आधी हेच विचारते