शब्दचर्चा: 'टेक्स्ट फ्रॅगमेंट' म्हणजे काय, आणि लिंकमधली ओळ रंगवतो कोण?

सेवाकेंद्र_मारेगाव
राजेहो, एक शब्द समजून घ्यायचा आहे. आमच्या गावच्या ग्रुपवर पेरणीच्या सल्ल्याच्या एका पानाची लिंक फिरून राहिली. उघडली की पान आपोआप खाली सरकतं आणि "कापसाची पेरणी आधी करावी" एवढीच ओळ रंगलेली दिसते. आता कोरडवाहूवाले काकाजी केंद्रावर येऊन सांगतात, "पानवाल्यांनीच खूण करून ठेवली, म्हणजे महत्त्वाचं असंल." लिंकच्या शेवटी `#:~:text=` असं काहीतरी आहे. शोधलं तर 'टेक्स्ट फ्रॅगमेंट' हा शब्द सापडला. याचा अर्थ काय आणि तो कसा वापरतात? पानावरचा मजकूर असा आहे:

> पहिला पाऊस पडला म्हणून लगेच पेरणी करू नये. कोरडवाहू कापूस व सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच करावी.
>
> मूग, उडीद, तूर यांची पेरणीही त्याच वाफशावर उरकावी.
>
> ओलिताची सोय असल्यास कापसाची पेरणी आधी करावी.

पाटील_काका_आर्णी
फ्रॅगमेंट म्हणजे तुकडा. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात हाच शब्द आहे. माझ्या भावाच्या सातबाऱ्यावर 'तुकडा' असा शेरा आहे, त्याची खरेदी होत नाही. तुमच्या त्या पानावर हा शेरा काढायचं काही लिहिलं आहे का?

सेवाकेंद्र_मारेगाव
नाही काकाजी, हा तुकडा जमिनीचा नाही, मजकुराचा आहे. तुमच्या शेऱ्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं जाणते लोक आहेत.

अमोल_वरूड
सोपं आहे. वेब पत्त्यात `#` नंतर जे येतं त्याला फ्रॅगमेंट म्हणतात. पान बनवणारा मजकुरात जागोजागी नाव देऊन खुणा ठेवतो आणि लिंक त्या खुणेवर नेते. म्हणजे काकाजींचं बरोबरच आहे. खूण पानवाल्याचीच.

गुरुजी_दारव्हा
अमोलभाऊ, अर्धं बरोबर. साध्या `#` चं तुम्ही सांगितलं तसंच आहे, तिथं खूण पान बनवणाऱ्यानं आधीच ठेवलेली लागते. पण इथं `#` च्या पुढे `:~:` आहे, सगळी गंमत तिथं आहे. त्याच्या पुढचा भाग ब्राउझरला सांगतो, "पानात हे शब्द शोध, तिथं जा आणि ते रंगव." पान बनवणाऱ्यानं काहीच ठेवलेलं नसतं. शब्द निवडले लिंक बनवणाऱ्यानं, रंग दिला तुमच्या फोनमधल्या ब्राउझरनं. `#` नंतरचं काहीच सर्व्हरकडे जात नाही, त्यामुळे कोणती ओळ रंगवून फिरवली जाते हे पानवाल्यांना कळतसुद्धा नाही.

काकाजींना एवढंच सांगा की तीच लिंक `#` पासून पुढचं सगळं खोडून उघडा. पान तेच, रंग गायब. रंग पानवाल्यांचा असता तर राहिला असता.

आणि लिंक करणाऱ्यानं "ओलिताची सोय असल्यास" नेमकं बाहेर ठेवलं आहे. मुद्दाम की घाईत, देव जाणे. कोरडवाहूवाल्यासाठी अर्थ उलटा झाला.

वैशाली_चिखलदरा
माझ्याकडे रंग पिवळा नाही, फिकट जांभळा दिसतो. काही बिघाड आहे का?

गुरुजी_दारव्हा
बिघाड नाही ताई. रंग प्रत्येक ब्राउझरचा आपला असतो, आणि पान बनवणाऱ्याला हवा तर तो बदलताही येतो. पानवाल्याचा हात लागतो तो एवढाच.

सेवाकेंद्र_मारेगाव
मग मी दुरुस्त लिंक बनवून ग्रुपवर टाकतो. सोयाबीनवाल्यांसाठी हे करून पाहिलं:

```
https://example.org/perni#:~:text=सोयाबीन
```

(पत्ता इथं बदलून लिहिला आहे.) पान उघडतं, पण वरच थांबतं. काहीच रंगत नाही, चूक झाली असंही सांगत नाही. पण पानात 'शोधा' करून 'सोयाबीन' टाकलं की लगेच सापडतं. हे काहून?

गुरुजी_दारव्हा
मराठीत लिंक करणारा पहिल्यांदा इथंच अडकतो. पानातला शोध अक्षरं जुळवतो, शब्दाच्या पोटातलंही धरतो. लिंकमधला शोध पूर्ण शब्द मागतो, म्हणजे शब्दाची सुरुवात आणि शेवट दोन्ही जुळले पाहिजेत. पानावर 'सोयाबीन' असा सुटा शब्द नाहीच, 'सोयाबीनची' आहे. इंग्रजीत 'of' सुटा राहतो, आपला प्रत्यय शब्दाला चिकटतो. त्यामुळे मूळ रूप लिहून चालत नाही, पानावर आहे तेच रूप लिहायचं:

```
#:~:text=सोयाबीनची%20पेरणी
```

नुसतं `text=पेरणी` लिहिलं तर पहिल्या वाक्यातली "लगेच पेरणी" रंगेल, कारण पहिला जुळणारा शब्द सापडला की तो थांबतो. दुसऱ्या परिच्छेदातलं 'पेरणीही' तो धरणार नाही. शेवटच्या वाक्यातलीच 'पेरणी' हवी असेल तर आधीचा शब्द ओळख म्हणून द्यायचा, त्याच्यामागे आडवी रेघ आणि स्वल्पविराम:

```
#:~:text=कापसाची-,पेरणी
```

इथं 'कापसाची' रंगत नाही, फक्त जागा ओळखायला कामी येतं. नंतरचा शब्द द्यायचा असेल तर स्वल्पविराम आधी आणि रेघ त्याच्यापुढे.

अमोल_वरूड
मग स्वल्पविराम असलेला मजकूर कसा टाकायचा? मी "मूग, उडीद" टाकलं तर बरोबर रंगलं. "मूग, उडीद, तूर" टाकलं तर काहीच नाही.

गुरुजी_दारव्हा
पहिलं नशिबानं चाललं. लिंकमध्ये स्वल्पविरामाचा अर्थ 'इथून, तिथपर्यंत' असा होतो. "मूग, उडीद" म्हणजे मूगपासून उडीदपर्यंत, आणि पानावर ते दोन्ही शेजारीच होते. तिसरा शब्द आल्यावर ब्राउझरला त्याची जागाच कळत नाही, मग तो अख्खा भाग सोडून देतो. मजकुरातला स्वल्पविराम `%2C` असा लिहायचा. 'बी-बियाणे' मधली रेघ `%2D`, आणि `&` आला तर `%26`.

पण 'इथून तिथपर्यंत' हीच सोय मोठ्या मजकुराला कामाची. मारेगावकर, तुमच्या ग्रुपसाठी अशी लिंक करा:

```
#:~:text=कोरडवाहू%20कापूस,झाल्यावरच%20करावी&text=ओलिताची%20सोय,आधी%20करावी
```

दोन तुकडे दिले, मध्ये `&text=`. दोन्ही ओळी रंगतील आणि पान पहिल्या तुकड्यावर थांबेल. अट आणि सल्ला दोन्ही डोळ्यांसमोर राहतात. "करू नये" हे शब्दही आत घ्यायचे असतील तर पहिला तुकडा `पहिला%20पाऊस` पासून सुरू करा.

सेवाकेंद्र_मारेगाव
चाललं! पण ग्रुपवर टाकताना मी `%20` च्या जागी साधी मोकळी जागा ठेवली होती, तर निळी लिंक 'कोरडवाहू' लाच तुटली. ब्राउझरच्या पट्टीत तर तशीच चालली होती.

गुरुजी_दारव्हा
होय, मोकळी जागा आली की लिंक संपली असं ग्रुपचं ॲप समजतं. आणि कॉपी केलेली लिंक एकदम लांबलचक झाली तर घाबरू नका. देवनागरीचं एक एक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं. 'पाऊस' ची चार चिन्हं अशी दिसतात:

```
%E0%A4%AA%E0%A4%BE%E0%A4%8A%E0%A4%B8
```

म्हणूनच मराठीत अख्खं वाक्य टाकण्यापेक्षा पहिले दोन आणि शेवटचे दोन शब्द बरे. संगणकावर क्रोम असेल तर हातानं लिहायचीच गरज नाही. मजकूर निवडा, उजवं बटण दाबा, `Copy link to highlight` घ्या. मजकूर मोठा असेल तर तो आपणहून पहिले-शेवटचे शब्द घेतो, आणि तेच शब्द दुसरीकडे असतील तर आजूबाजूचे शब्द ओळखीला लावतो.

वैशाली_चिखलदरा
आमच्या शाळेत शासन निर्णयातली ओळ अशी दाखवता येईल का? नेहमी कोणीतरी विचारतं, "कुठं लिहिलं आहे?"

गुरुजी_दारव्हा
शासन निर्णय पीडीएफ असतात. तिथं हा मार्ग भरवशाचा नाही, आणि कागद स्कॅन करून चढवला असेल तर आत शब्दच नसतात, नुसतं चित्र असतं. संगणकाच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या शेवटी `#page=3` लावून पहा, बहुतेक वेळा तिसरं पान उघडतं. ओळ मात्र बोटानंच दाखवावी लागेल.

अमोल_वरूड
माझ्या जुन्या फोनवर काहीच रंगत नाही.

गुरुजी_दारव्हा
ब्राउझर किती जुना आहे ते पहा. क्रोममध्ये हे 2020 मध्ये आवृत्ती 80 पासून आलं, सफारीत 2022 मध्ये 16.1 पासून, फायरफॉक्समध्ये थेट ऑक्टोबर 2024 मध्ये, 131 पासून. ब्राउझर नवा असून रंगत नसेल तर ग्रुपच्या आतल्या खिडकीतून बाहेर काढून खऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. तरी नाही तर पानावरचा मजकूर बदलला असेल. उद्या त्यांनी 'मिमी' चं 'मिलिमीटर' केलं तर 'मिमी' वर टेकलेली लिंक गप्प वर जाऊन बसेल. ज्या शब्दांना कोणी हात लावायची शक्यता कमी, ते निवडायचे.

पऱ्हाटी_राळेगाव
मला एक वेगळीच अडचण दिसते. 'शेतकऱ्यांना' हा शब्द काही जुन्या पानांवर ऱ नं लिहिलेला असतो, तर काहींवर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. लिंकमध्ये मी एका पद्धतीनं लिहिलं आणि पान दुसऱ्या पद्धतीचं असलं तर?

गुरुजी_दारव्हा
प्रश्न पक्का आहे. मी असा शब्द टाइप करतच नाही, पानावरूनच उचलतो. मग पानाची जी पद्धत असेल तीच लिंकमध्ये येते.

पऱ्हाटी_राळेगाव
उचलून ठीक आहे, पण मला विचारायचं ते हे की वेगळं लिहिलं तरी ब्राउझर जुळवून घेतो का? माझ्या फोनवर जुळलं, पोराच्या लॅपटॉपवर नाही.

अमोल_वरूड
दोघांवर कोणता ब्राउझर आहे ते टाका. माझ्याकडे जुनं पान आहे, मीही पाहतो.

सेवाकेंद्र_मारेगाव
तोवर नावाचं बोला. ग्रुपवर 'टेक्स्ट फ्रॅगमेंट' म्हटलं की पाटील काकांसारखे सातबारा घेऊन येतात. मी 'ओळीची लिंक' म्हणून राहिलो.

वैशाली_चिखलदरा
ओळ नाही, कधी दोनच शब्द असतात. 'मजकूर-लिंक' म्हणा.

पाटील_काका_आर्णी
ते तुम्ही ठरवा. कोरडवाहूवाल्यानं ती लिंक पाहून पेरलं असंल तर त्याला आधी फोन करा.