क्लाउड आहे ना, मग पेनड्राइव्ह कशाला?

फटाकडा: प्लेस्टेशन ५ आला, पीएस-४ त्याच दिवशी विकला. गेमच्या सेव्ह सगळ्या क्लाउडवर. अजून पेनड्राइव्ह घेऊन बसणाऱ्यांनी कॅसेटही जपून ठेवल्या असतील!

रात्रपाळी: जपल्यात, घे. आता ऐक. माझ्या भावाने नव्या मशीनवर पीएस-४चाच एक गेम लावला. जुनी सेव्ह उतरवायची राहिली, गडी ‘न्यू गेम’ दाबून वीस मिनिटं खेळला. मग पडद्यावर प्रश्न आला, क्लाउडमधली ठेवू की मशीनमधली? त्याने तारीख बघितली. ताजी तारीख अर्थातच वीस मिनिटांच्या सेव्हची होती. गेमला एकच ऑटोसेव्ह, त्यामुळे साठ तास गेले. तारीख बघायचीच नाही, खेळाचे तास नि टप्पा बघायचा.

आधी पीएस-४वर Application Saved Data Management मधून Copy to USB Storage Device. पेनड्राइव्ह exFAT किंवा FAT32 फॉरमॅटचा हवा. पीएस-५वर त्याच अकाउंटने लॉगिन, Saved Data (PS4) मधून परत घ्यायचं, आणि तोवर गेम उघडायचा नाही.

बिनपैशाचा: तेच म्हणतोय! स्वतःची प्रगती क्लाउडवर ठेवायला दर महिन्याला भाडं का भरू? सगळं पेनड्राइव्हवर घ्या, विषय संपला.

रात्रपाळी: नाही संपला. पीएस-५च्या गेमची सेव्ह सुटी पेनड्राइव्हवर जातच नाही. सोय फक्त पीएस-४च्या सेव्हना. पीएस-५ला पूर्ण मशीनचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घेता येतो, पण तो एकगठ्ठा परत येतो.

बिनपैशाचा: म्हणजे भाडं भराच! मला हेच खटकतं. डिस्क माझी, तास माझे, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

मिरजकर_काकू: भाड्याचं राहू द्या. मुलाच्या ट्रॉफ्या नव्या मशीनवर दिसत नाहीत, त्या पेनड्राइव्हवर कशा घ्यायच्या?

रात्रपाळी: काकू, ट्रॉफ्या अकाउंटवर असतात, सेव्हमध्ये नाही. जुन्या मशीनवर ट्रॉफीच्या पानावर ऑप्शन्स दाबून सिंक करा.

बिनपैशाचा: बघा, त्या बिचाऱ्या काकूंनाही पैसे मागतील.

मिरजकर_काकू: बिचारी नाही हो मी. सिंक झालं, फुकटात. तुम्ही आधी वाचा, मग चिडा.

फटाकडा: बरं, मानलं. घोस्ट ऑफ त्सुशिमाची पीएस-४ सेव्ह पीएस-५च्या आवृत्तीत दिसत नाहीये. हेही माझंच चुकलं का?

रात्रपाळी: यात नाही. आवृत्ती वेगळी, ती आपोआप उचलत नाही. आधी पीएस-४ची सेव्ह मशीनवर उतरव, मग मुख्य मेन्यूत जुनी सेव्ह आणायचा पर्याय निवड. प्रत्येक गेमची रीत वेगळी, काहींना मुळीच नाही.

फटाकडा: हसू नका, पण पेनड्राइव्ह किती जीबीचा घेऊ?

रात्रपाळी: १६ पुरे. पण पीएस-४ विकलास ना?

फटाकडा: गिऱ्हाइकाला फोन लावतोय. उचलत नाहीये.