उत्तर: सर्दी-खोकला नाही, मग लघवी कशाला तपासायची?

"बाळ दोन महिन्यांचं, ताप १०१, बाकी काहीच नाही, तरी डॉक्टर लघवी तपासा म्हणतात, कशाला?"

अहो ताई, बाकी काही नाही म्हणूनच की! एवढ्या लहान बाळाला लघवीत जळजळतंय हे सांगता येत नाही, इन्फेक्शन असलं तरी नुसता तापच दिसतो. आमच्या राजारामपुरीतल्या भाचीचं असंच, आई दृष्ट काढत बसली. आधी पिशवी चिकटवून सॅम्पल घेतलं, पण त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात, म्हणून कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायला, बारीक नळीनं परत घेतलं, तेपण अँटिबायोटिक चालू करायच्या आधी, नाहीतर जंतू उगवतच नाहीत. रिपोर्टला दोन दिवस लागले, इन्फेक्शनच निघालं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ अन् ताप १००.४ च्या वर, तर आजच दाखवा, थांबू नका.